साठ पोती पाला

सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करायचं ठरलं की चर्चा हौद कुठे बांधायचा यावरच अडते. आमच्या पुण्यातल्या चाळीस घरांच्या सोसायटीतही तसंच झालं. पाल्याचा हिशेब कुणी मांडलाच नाही आणि पहिल्याच जुलैत तळमजल्यावरच्या काकूंनी दुर्गंधीची तक्रार केली. ती रास्तच होती.

भाजीची देठं, सालं, उरलेला भात यांत पाणी भरपूर आणि नत्रही भरपूर. हे नुसतंच रचलं की ते दबून चिखल होतं, आत हवा जात नाही आणि खत होण्याऐवजी ते सडतं. सुका पाला जास्तीचं पाणी शोषतो, थर मोकळे ठेवतो आणि जिवाणूंना लागणारा कर्बही पुरवतो. म्हणून एक बादली ओला कचरा टाकला की वर निदान एक बादली चुरलेला पाला हवाच.

आमच्याकडे रोज साधारण वीस किलो ओला कचरा निघतो, त्यावर अर्धं पोतं पाला लागतो. पाला गळतो हिवाळा-उन्हाळ्यात आणि त्याची खरी गरज असते पावसाळ्यात, तेव्हा सुकं पान मिळत नाही. चार महिन्यांचे साठ पोती! एवढा पाला आमच्या आवारात नव्हता. तो होता गल्लीत, आणि कोपऱ्यावर रोज सकाळी पेटायचा.

मग फेब्रुवारीत शेजारचे बंगले आणि समोरची चाळ यांच्याशी बोलून आम्ही तो पोत्यांत भरायला लागलो. प्लास्टिक वेचून काढायचं, पाला पायांखाली चुरडायचा, पोती पत्र्याच्या शेडखाली विटांवर रचायची. आंब्याची जाड पानं कुजायला फार वेळ घेतात, ती वेगळी ठेवलेली बरी. कोपऱ्यावरचा धूर त्याच महिन्यात थांबला.

जाळीच्या विटांचे, तीन बाय तीन फुटांचे, चार फूट उंच असे तीन हौद पुरतात. एक भरायला महिनाभर लागतो, तोवर उरलेले दोन मुरत असतात. आठवड्यातून एकदा फावड्याने खालीवर करायचं. मधे हात घातला तर चटका बसेल इतकी ऊब हवी. मूठभर घेऊन पिळलं आणि एखाददुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर पाला वाढवा. नाकाला झोंबणारा वास आला तरी उपाय तोच. जाडसर, करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नये, त्या कचराच खातात. नारळाच्या करवंट्या मात्र घालू नयेत.

दोन महिन्यांनी हौदातून काळं, भुसभुशीत खत निघतं. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला, मूळ साल ओळखू येईनासं झालं की चाळून घ्यायचं. आमच्या पहिल्या चाळणीतून निघालेलं खत पाला देणाऱ्या घरांना आधी गेलं. चाळीतल्या आजींनी ते तुळशीला घातलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्या दारात बांधून ठेवलेली सहा पोती आमची वाट बघत होती.