पेन्शन विकायची की ठेवायची?

कर्जत हे रेल्वेचं गाव. बोरघाट चढण्यासाठी गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात ती इथेच. त्यामुळे इंजिन, सिग्नल, रुळ, ऑफिस अशा कुठल्या ना कुठल्या खात्यात घरचं कुणीतरी आहे, असं घर इथे शोधावं लागत नाही. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत खोपोलीपर्यंत गेलं, तरी खालापूर तालुक्यातही हेच चित्र. साहजिकच दर महिनाअखेरीला कुठे ना कुठे निवृत्तीचा हार-नारळ असतोच.

निवृत्तीच्या आधी या मंडळींच्या हातात निवृत्तिलाभांची एक पुस्तिका येते आणि सोबत अर्जांचा गठ्ठा. नवरा सह्या करतो, बायको जोडफोटो काढायला येते आणि पुस्तिका कपाटात जाते. मंडळाच्या कामानिमित्त अशा बऱ्याच पुस्तिका मी वाचल्या. मैत्रिणींनो, त्यातलं एक पान तरी तुम्ही स्वतः वाचायलाच हवं. ते पान म्हणजे कम्युटेशन, सरकारी मराठीत अंशराशीकरण. आपल्याकडे त्याला सरळ ‘पेन्शन विकणं’ म्हणतात. घरात दरमहा किती पैसे येणार, हे पुढची पंधरा वर्षं या एका रकान्यावर ठरतं.

आधी थोडी ओळख. 1 जानेवारी 2004 च्या आधी रेल्वेत लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. इथलं सगळं त्यांच्यापुरतंच. निदान दहा वर्षं नोकरी झालेली असली, की शेवटच्या मूळ पगाराच्या किंवा शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरीच्या निम्मी पेन्शन बसते. दोन्हींतलं जे जास्त असेल ते धरतात.

हिशेबाला सोपं म्हणून समजा, शेवटचा मूळ पगार 60,000 रुपये आहे, नोकरी 33 वर्षं झाली आहे आणि महागाई भत्ता 50 टक्के आहे. पेन्शन झाली 30,000. त्यावर भत्ता 15,000. म्हणजे दरमहा 45,000 रुपये.

ग्रॅच्युइटी वेगळी, ती एकदाच मिळते. पूर्ण झालेल्या प्रत्येक सहामाहीला पगाराचा चौथा हिस्सा आणि जास्तीत जास्त साडेसोळा पगार. इथे पगार म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता. आपल्या उदाहरणात 90,000 गुणिले साडेसोळा, म्हणजे 14,85,000 रुपये. तिची कमाल मर्यादा 1 जानेवारी 2024 पासून 25 लाख आहे. ग्रॅच्युइटी घेतली म्हणून पेन्शन कमी होत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ घरांत ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशन यांची गल्लत होते. दोन्ही रकमा एकदमच खात्यात येतात ना! पण पहिली कमावलेली आहे आणि दुसरी आपल्याच पुढच्या पेन्शनमधून घेतलेली उचल आहे.

आता ही उचल कशी, ते पाहू. पेन्शनचा जास्तीत जास्त 40 टक्के भाग विकता येतो. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचा पुढचा वाढदिवस एकसष्टावा, म्हणून तक्त्यात 61 समोरचा आकडा बघायचा. तो आहे 8.194. आपल्या उदाहरणात 30,000 चे 40 टक्के म्हणजे 12,000. त्याला बारा महिन्यांनी गुणलं की 1,44,000 आणि 8.194 ने गुणलं की 11,79,936 रुपये. पावणेबारा लाखांहून जास्त, तेही करमुक्त. आकडा बघून कुणाचेही डोळे चमकतील.

बदल्यात दरमहा 12,000 कापले जातात, पंधरा वर्षं. हातात 45,000 ऐवजी 33,000 येतात. पंधरा वर्षांची कपात होते 21,60,000 रुपये. घेतलेली मुद्दल तर आठ वर्षं आणि दोन-तीन महिन्यांतच फिटते, पुढचं सगळं व्याज समजा. हप्त्याने कर्ज फेडतो त्या पद्धतीने मांडलं, तर हे व्याज वर्षाला साधारण 9 टक्के पडतं.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा की, या पैशाचं करायचं काय? डोक्यावर 9 टक्क्यांहून महाग कर्ज असेल, तर ते फेडायला उचल घेणं शहाणपणाचं. पण ‘सगळेच घेतात’ म्हणून घेतली आणि त्याहून कमी व्याजाच्या ठेवीत टाकली, तर दरवर्षी थोडा थोडा तोटाच पदरात येतो. आणि पैसे मुलाच्या फ्लॅटला दिले, तर व्याज कुणाला मिळालं आणि दरमहाचे 12,000 कुणाच्या किराण्यातून गेले, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पूर्ण 40 टक्केच विकायला हवेत असंही नाही. 20 टक्के विकले तर 5,89,968 रुपये मिळतात, कपात 6,000 आणि दरमहा हातात 39,000. गरजेपुरतंच विकावं. कारण एकदा विकलेली पेन्शन पैसे परत करून मधेच सोडवता येत नाही.

मात्र या उचलीत एक गोष्ट साध्या कर्जात नसते आणि ती आपल्याशी, म्हणजे बायकोशी संबंधित आहे. पंधरा वर्षं व्हायच्या आत पेन्शनर गेला, तर उरलेली कपात तिथेच संपते. बायकोकडून, मुलांकडून एक रुपयाही वसूल होत नाही. फॅमिली पेन्शनही कपात झालेल्या रकमेवर नाही, तर मूळ हिशेबानेच मिळते. नवऱ्याची तब्येत तोळामासा असेल, तर अशा घरात पेन्शन विकणंच फायद्याचं ठरतं. बोलायला जड जातं, पण हिशेब आहे तो आहे.

खोपोलीकडच्या एका ताईंचं उदाहरण सांगते. यजमान निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी गेले. ‘त्यांनी पेन्शन विकली होती, आता मला कापूनच मिळणार,’ असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवून दिलं होतं. म्हणून किती रक्कम येते आहे हे त्या विचारतही नव्हत्या. खरा नियम काय? नवरा निवृत्तीनंतर गेला, तर पुढची सात वर्षं किंवा तो सदुसष्ट वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी संपेल तोवर, वाढीव फॅमिली पेन्शन मिळते. ती शेवटच्या पगाराच्या निम्मी. आपल्या उदाहरणातला नवरा त्रेसष्टाव्या वर्षी गेला, तर बायकोला चार वर्षं 30,000 अधिक भत्ता आणि त्यानंतर पगाराच्या 30 टक्के, म्हणजे 18,000 अधिक भत्ता. ताईंचा कागद आम्ही बँकेत नेऊन दाखवला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. कपात नव्हतीच!

आता चूक कुठे होते आणि ती ओळखायची कशी, ते बघू. पासबुकात फक्त हातात येणारी रक्कम दिसते, म्हणून बँकेकडून पेन्शनची स्लिप मागून घ्यायची. तिच्यावर तीन ओळी पाहायच्या: पूर्ण पेन्शन, महागाई भत्ता आणि कम्युटेशनची कपात. भत्ता पूर्ण पेन्शनवर मिळायला हवा, कपातीनंतर उरलेल्या रकमेवर नाही. आपल्या उदाहरणात 30,000 वर 15,000. स्लिपवर 9,000 दिसले, तर तो 18,000 वर काढलाय असं समजायचं. दरमहा 6,000 चं नुकसान! वेतन आयोगाने पेन्शन वाढवली, तरी वाढ पूर्ण पेन्शनवर होते आणि कपातीची 12,000 ही रक्कम मात्र तीच राहते.

दुसरी चूक पंधरा वर्षांनी होते. कपात ज्या तारखेला सुरू झाली, तिथपासून पंधरा वर्षं मोजायची. 1 जून 2026 ला सुरू झाली असेल, तर 1 जून 2041 पासून पूर्ण पेन्शन परत चालू व्हायला हवी. हे पूर्वी नव्हतं बरं का. विकलेला भाग जन्मभर गेला तो गेलाच. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि 1986 च्या निकालाने पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत होण्याचा हक्क पक्का झाला. पण त्या वेळी माणूस पंच्याहत्तरीत असतो. तारीख त्याच्या लक्षात राहत नाही आणि बँकेच्या नोंदीत तारीखच नसेल, तर कपात तशीच पुढे चालू राहते. अशा वेळी पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत जोडून बँकेला लेखी अर्ज द्यायचा आणि जादा कापलेली रक्कम थकबाकी म्हणून मागायची.

अर्जाबाबतही दोन गोष्टी. निवृत्तीपासून एका वर्षाच्या आत अर्ज केला, तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. वर्ष उलटलं की लागते. म्हणजे निवृत्तीच्या गडबडीत घाईघाईने 40 लिहिण्याची गरज नसते. घरी बसून हिशेब मांडायला वर्षभर अवधी असतो. आणि कम्युटेशनचं नॉमिनेशन ग्रॅच्युइटीच्या नॉमिनेशनपेक्षा वेगळं असतं. कम्युटेशन लागू झालं, पण पैसे हातात पडायच्या आत माणूस गेला, तर ती रक्कम या दुसऱ्या नॉमिनेशनवरच्या व्यक्तीला मिळते. तो रकाना कोरा नाही ना आणि तुमचं नाव आधारकार्डावर आहे तसंच सर्व्हिस रेकॉर्डमध्येही आहे ना, हे अर्ज भरतानाच पाहून घ्यायचं. माहेरचं नाव, सासरचं नाव यात पुढे बायकांचीच फरफट होते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना राज्याचे नियम लागू होतात. निवृत्तीचं वय वेगळं म्हणजे तक्त्यातला आकडाही वेगळा, तेव्हा त्यांनी आपल्याच पुस्तिकेतला तक्ता लावावा. कारखान्यातल्या कामगारांच्या पीएफच्या पेन्शनमध्ये मात्र विकण्याची सोय 2008 मध्येच बंद झाली आहे. कुणी ‘करून देतो’ म्हणत पैसे मागितले, तर सरळ दाराबाहेरचा रस्ता दाखवावा.

तुमच्या घरी निवृत्ती झाली असेल, तर आजच पीपीओ कपाटातून काढा. पूर्ण पेन्शन किती, विकलेली किती आणि कपात कोणत्या तारखेला सुरू झाली, या तीन गोष्टी आपल्या हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. शेजारी त्या तारखेत पंधरा वर्षं मिळवून येणारी तारीखही लिहा. पुढे बँकेशी बोलायची वेळ तुमच्यावर आली, तर एवढं पान पुरेल.