वर्धापन दिनाचं निमंत्रण: ग्राहकांना पत्रिका फॉरवर्ड करायची की चार ओळी लिहायच्या?

‘आमच्या दुकानास १० वर्षे पूर्ण होत आहेत. आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.’ व्हॉट्सॲपवर असा मेसेज आला की बहुतेक जण हात जोडल्याचा इमोजी टाकतात आणि विसरून जातात. हा मेसेज सगळ्यांना गेलाय, हे लगेच कळतं.

त्यात एक तांत्रिक अडचणही आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच मिळतो. वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारा ग्राहक नंबर सेव्ह करेलच असं नाही. त्यामुळे अशा ग्राहकांना वेगळा मेसेज केलेलाच बरा.

मग लिहायचं काय?

समजा, तालुक्याच्या गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. वर्धापन दिनाला सत्यनारायणाची पूजा आहे आणि एका जुन्या शेतकरी ग्राहकाला बोलवायचंय. दुकानदार असं लिहू शकतो:

‘नमस्कार काका. कांदा ऐन पाण्यावर आला असताना तुमची पाच एचपीची मोटार जळाली होती. ती भरायला रात्र झाली, तरी तुम्ही दुकानात बसून राहिलात. येत्या रविवारी दुकानाला १० वर्षं होतायत. संध्याकाळी ५ ते ८ पूजेचा प्रसाद आहे. काकूंना घेऊन या. आहेर नको. चारचाकी आणणार असाल तर कळवा, मागच्या गल्लीत जागा ठेवतो.’

यात आठवण एकच आहे आणि ती त्याच ग्राहकाची आहे. वेळ स्पष्ट आहे. गाडीच्या प्रश्नामुळे उत्तर सहज येतं आणि किती माणसं येणार याचा अंदाज बांधता येतो. छापील पत्रिकेचा फोटो यानंतर पाठवावा, आधी नाही.

मेसेज जमला की नाही, कसं ओळखायचं?

वरचं नाव बदलून तोच मेसेज दुसऱ्या ग्राहकाला चालतोय का, ते पाहा. चालत असेल तर ती पत्रिकाच झाली. आठवण सापडत नसेल तर जुनं बिलबुक चाळावं. पण उधारीचा उल्लेख नको. घरात एकच फोन अनेक जण बघतात. खाली ‘खास १० टक्के सूट’ जोडली, तर आधीच्या ओळी जाहिरात वाटू लागतात.

सगळ्यांनाच असं लिहायचं का?

नाही. एकदाच येऊन गेलेल्या ग्राहकाला साधी पत्रिका पुरते. ओढूनताणून दाखवलेली ओळख लगेच कळते. आणि ज्याची तक्रार अजून मिटलेली नाही, त्याला मेसेज नको, फोन करावा. आधी मोटारीचं विचारावं, तक्रार ऐकून घ्यावी, दुरुस्तीचा दिवस ठरवावा आणि मगच प्रसादाला बोलवावं. नाहीतर त्याला वाटेल, मोटार बंद पडलीय ती पडलीय, वर यांना सोहळा सुचतोय.