सिग्नलचा विसरलेला पिन

नवा फोन घेतला, सिम टाकलं, सिग्नल उतरवून घेतलं. एसएमएसने कोड आला, तोही भरला. आता काम झालं असं वाटतं तोच अ‍ॅप पिन मागतं. कधीतरी ‘Registration Lock’ चालू केलेलं असतं, पिन मात्र आठवत नाही. मग माणूस जन्मसाल, गाडीचा नंबर, जे सुचेल ते टाकत सुटतो. ते थांबवा. चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा आहे आणि ती संपली की अंदाज लावण्याचा मार्गही बंद होतो.

आधी जुना फोन शोधा. त्यात सिग्नल अजून चालू असेल, तर प्रश्न दोन मिनिटांचा आहे. Settings मध्ये Account उघडा. तिथे जुना पिन न विचारताच नवा ठरवता येतो, म्हणजे नव्या फोनवर तोच टाकायचा. पडदा फुटलेला पण चालू असलेला फोन एक्स्चेंजमध्ये देण्याची घाई करू नये, ती याचसाठी.

जुना फोन हरवला किंवा पाण्यात गेला असेल, तर थांबण्यावाचून इलाज नाही. खातं सलग 7 दिवस निष्क्रिय राहिलं की कुलूप आपोआप सुटतं. हे दिवस नव्या फोनवर अडल्यापासून नव्हे, तर खातं शेवटचं वापरलं गेलं तेव्हापासून मोजले जातात. समजा, फोन सोमवारी बंद पडला आणि नवा शुक्रवारी आला, तर साधारण पुढच्या सोमवारपर्यंतच वाट पाहावी लागेल. मात्र घरात कुणी जुना फोन चालू करून सिग्नल वापरलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

कंपनीला लिहून उपयोग नाही, कारण तुमचा पिन तिलाही ठाऊक नसतो. हा त्रास फुकटचा वाटेल, पण 2022 मध्ये सिग्नलचे एसएमएस पाठवणाऱ्या ट्विलिओ कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा सुमारे 1,900 जणांचे नंबर हल्लेखोरांना दुसऱ्या फोनवर नोंदवता येण्याजोगे झाले होते. अशा वेळी एसएमएसचा कोड चोराच्या हाती पडला, तरी हा पिन त्याला अडवतो. मग कुलूप कायमचं का नाही? बंद झालेले मोबाइल नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात. त्या नव्या ग्राहकाला सिग्नल कायमचं बंद राहू नये, म्हणून ही मुदत.

सात दिवसांनी पिनशिवाय नोंदणी होते, पण जुनी प्रोफाइल आणि सेटिंग्ज परत येत नाहीत. जुने संदेश मुळात पिनमध्ये नसतातच, त्यामुळे पिन आठवला असता तरी ते आले नसते. त्यासाठी वेगळा बॅकअप लागतो. आणि तुमच्याशी बोलणाऱ्यांच्या पडद्यावर ‘सेफ्टी नंबर’ बदलल्याची सूचना झळकते. जवळच्यांना साधा फोन करून सांगावं, म्हणजे पलीकडे खरंच आपणच आहोत याची त्यांना खात्री पटते.