महागाई, भाववाढ की चलनवाढ? मराठी शोधप्रबंधातील शब्दांची निवड

मातृभाषेतून विद्यापीठीय शिक्षणाचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने सुरुवातीपासून मातृभाषेचे माध्यम स्वीकारले होते. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा २०२३ साली झाला. आज राज्यातील अनेक विद्यापीठांत अर्थशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र या विषयांचे प्रबंध मराठीत सादर होतात. मात्र या विषयांचे संदर्भग्रंथ, अहवाल आणि आकडेवारी बहुतेक इंग्रजीत असते. त्यामुळे मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याला पानोपानी एक निर्णय घ्यावा लागतो: या संज्ञेला काय म्हणायचे?

अडचण शब्द नसण्याची क्वचितच असते. बहुतेक वेळा एकाच संज्ञेसाठी मराठीत दोन-तीन शब्द आधीपासून रुळलेले असतात आणि त्यांचे अर्थ नेमके सारखे नसतात. अर्थशास्त्राला तर हा वारसा जन्मापासून मिळाला आहे. लोकहितवादींनी १८४९ साली या विषयावर लिहिले तेव्हा पुस्तकाचे नाव ‘लक्ष्मीज्ञान’ होते. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५५ साली ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ लिहिली आणि कालांतराने ‘अर्थशास्त्र’ हेच नाव टिकले. शंभर वर्षांनी, १९६० साली, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि विषयवार परिभाषा कोश निघू लागले. हे कोश हाताशी असणे आवश्यकच आहे, पण कोशात पर्याय दिलेला असतो. आपल्या प्रबंधात त्या पर्यायाने कोणते काम करायचे, हे संशोधकालाच ठरवावे लागते.

एक उदाहरण तपशिलात पाहू. समजा, एका संशोधिकेचा विषय आहे ‘वाढत्या किमतींचा शेतमजूर कुटुंबांवरील परिणाम’. पहिल्याच प्रकरणात तिच्यापुढे ‘इन्फ्लेशन’ ही संज्ञा येते. पाठ्यपुस्तके आणि वर्तमानपत्रांचे अर्थविषयक पान ‘चलनवाढ’ म्हणते. काही लेखक ‘भाववाढ’ लिहितात. बाजारात, बसमध्ये आणि ज्या वस्तीत ती मुलाखती घेणार आहे तिथे शब्द एकच: महागाई. तीनही शब्द शुद्ध आहेत, प्रचलित आहेत. म्हणूनच नवखा संशोधक तिन्ही वापरतो. एका परिच्छेदात चलनवाढ, पुढच्यात भाववाढ, निष्कर्षात महागाई. शाळेत निबंध लिहिताना शब्दाची पुनरुक्ती टाळायला शिकवलेले असते, ती सवय इथे नडते. परीक्षक विचारतो, “या तीन वेगळ्या गोष्टी आहेत का?” आणि उत्तर देता येत नाही.

संशोधिकेने तिन्ही शब्द तपासून पाहिले तर फरक दिसू लागतो. ‘चलनवाढ’ या शब्दात कारण दडलेले आहे. चलन वाढले म्हणून किमती वाढल्या, ही अर्थशास्त्रातील एक उपपत्ती आहे, एकमेव नव्हे. पाऊस लांबला आणि डाळीचे भाव चढले, किंवा परदेशात खनिज तेल महागले आणि इथे वाहतूक महागली, तर किमती वाढण्यामागे चलनाचा पुरवठा हे कारण नसते. अशा वेळी ‘तेलाच्या दरामुळे झालेली चलनवाढ’ असे लिहिले की वाक्य स्वतःशीच भांडू लागते. उलट ‘चलनपुरवठा वाढल्याने चलनवाढ होते’ हे वाक्य सिद्धांत मांडत असूनही निव्वळ पुनरुक्ती वाटते. ‘भाववाढ’ शब्दाला ही अडचण नाही, पण तो एकट्या कांद्यालाही लागू पडतो. शास्त्राला अभिप्रेत आहे ती सर्वसाधारण किंमतपातळीत सातत्याने होणारी वाढ. म्हणून हा शब्द निवडायचा तर ही व्याख्या पहिल्या प्रकरणातच द्यावी लागते आणि एका वस्तूबद्दल बोलताना ‘कांद्याच्या भावातील वाढ’ असे सोडवून लिहावे लागते.

निवडलेला शब्द टिकाऊ आहे का, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. त्याच्यापासून पुढचे शब्द बनवून पाहायचे. ‘भाववाढीचा दर’, ‘अन्नधान्याची भाववाढ’, ‘भाववाढ मंदावली’ हे सगळे सहज बसते. ‘अन्नधान्याची चलनवाढ’ मात्र बसत नाही. संज्ञा एकटी कधीच येत नाही. प्रबंधाच्या दोन-अडीचशे पानांत ती विशेषण होऊन, समासात जाऊन, विभक्ती घेऊन येते आणि तिथे अडखळणारा शब्द सुरुवातीलाच बाजूला ठेवलेला बरा.

मग ‘महागाई’चे काय? तो शब्द टाकून देणे ही मोठी चूक ठरेल, कारण त्याचे काम वेगळे आहे. किमतींचा निर्देशांक पहिल्या वर्षी १०० होता, दुसऱ्या वर्षी १०८ झाला आणि तिसऱ्या वर्षी ११२.३२, असे समजू. भाववाढीचा दर आधी ८ टक्के होता, तो ४ टक्क्यांवर आला. ‘महागाई निम्म्यावर’ असा मथळा त्यावर छापून येऊ शकतो. पण जी बाई बाजारात जाते तिच्यासाठी १०० रुपयांचे सामान आता ११२ रुपये ३२ पैशांना झाले आहे. किमती उतरलेल्या नाहीत, फक्त चढण्याचा वेग कमी झाला आहे. तिची मजुरी तेवढी वाढली नसेल तर ‘महागाई वाढली’ हे तिचे विधान बरोबर आहे आणि ‘भाववाढीचा दर घटला’ हे आकडेवारीचे विधानही बरोबर आहे. दोन्हीकडे एकच शब्द वापरला तर प्रबंधात विसंगती दिसते. दोन शब्द वापरले तर त्या दोहोंमधले अंतर हाच अभ्यासाचा निष्कर्ष होतो.

म्हणून संशोधिका असे ठरवते: निर्देशांकाने मोजली जाते ती ‘भाववाढ’, मिळकतीच्या तुलनेत लोकांना जाणवते ती ‘महागाई’ आणि मूळ लेखक चलनपुरवठ्याचा सिद्धांत मांडत असेल तिथेच ‘चलनवाढ’. हे तीन ओळींत पहिल्या प्रकरणात लिहायचे, पहिल्या उल्लेखाच्या वेळी मूळ इंग्रजी संज्ञा कंसात एकदाच द्यायची आणि शेवटच्या पानापर्यंत हा भेद पाळायचा.

दुसरा पेच प्रश्नावलीत येतो. प्रश्नावली बहुधा आधीच्या एखाद्या इंग्रजी अभ्यासावरून बेतलेली असते. तिच्यात ‘हाउसहोल्ड’ असते आणि त्याचे मराठीत ‘कुटुंब’ होते. जनगणनेत आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात या संज्ञेचा गाभा एकत्र राहणे आणि एका स्वयंपाकघरात जेवणे हा आहे. ‘कुटुंब’ म्हटल्यावर मात्र माणूस रक्ताची नाती मोजतो. “तुमच्या कुटुंबात किती जण?” या प्रश्नाला वेगळा राहणारा धाकटा भाऊ, त्याची बायको, त्यांची मुले असे सगळे धरून “आठ” असे उत्तर मिळते. दोन्ही भावांचा मिळून महिन्याचा खर्च २४,००० रुपये असेल तर नोंद होते एक कुटुंब, खर्च २४,०००. वास्तविक तिथे दोन स्वयंपाक होतात आणि प्रत्येकाचा सरासरी खर्च १२,००० आहे. अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की प्रति कुटुंब खर्चाची सरासरी फुगते आणि पुढचे सगळे विश्लेषण चुकते.

यावरचा उपाय गावाच्या बोलण्यातच आहे. भाऊ वेगळे झाले की लोक म्हणतात, “चुली वेगळ्या झाल्या.” स्वयंपाक गॅसवर होत असला तरी हा शब्दप्रयोग चालतो आणि अर्थ पक्का असतो. प्रश्न “तुमच्या चुलीवर रोज किती माणसं जेवतात?” असा विचारला की शास्त्रीय व्याख्या एका वाक्यात पोहोचते. प्रबंधात ‘कुटुंब’ ही संज्ञा ठेवता येते, पण तिची व्याख्या ‘एका चुलीवर जेवणाऱ्या व्यक्ती’ अशी द्यावी लागते. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असलेल्या सदस्याला धरायचे की नाही, हे मात्र चूल सांगत नाही. तो नियम वेगळा ठरवून लिहावा लागतो.

‘महागाई वाढली का?’ हा प्रश्नही असाच फसवा आहे. त्याला सगळे ‘हो’ म्हणतात आणि हाती काही लागत नाही. “मागच्या दिवाळीला गोडेतेलाची पिशवी कितीला घेतली? यंदा कितीला?” असे विचारले तर आकडे मिळतात. भाषांतर जमले की नाही, हे तपासण्याची रूढ पद्धत म्हणजे मूळ न पाहिलेल्या माणसाकडून मराठी प्रश्नावलीचे पुन्हा इंग्रजी करून घेणे आणि ते मूळ प्रश्नाशी ताडून पाहणे. जिथे अर्थ सरकलेला दिसतो तिथला शब्द बदलायचा आणि मग दहा-वीस जणांवर चाचणी घ्यायची.

संशोधनपद्धतीच्या प्रकरणात आणखी एक ठेच हमखास लागते. ‘हायपॉथेसिस’ला काही पुस्तके ‘परिकल्पना’ म्हणतात, काही ‘गृहीतक’, तर काही ‘गृहीतकृत्य’. यातला ‘गृहीतक’ दुसऱ्या कामासाठीही वापरला जातो: तपासून न पाहता मान्य केलेली गोष्ट. एकच शब्द दोन्हीकडे आला तर ‘गृहीतकाची चाचणी घेतली’ हे वाक्य विचित्र होते, कारण गृहीत धरलेल्या गोष्टीची चाचणी कोणी घेत नाही. जे तपासायचे ती ‘परिकल्पना’, जे धरून चालायचे ते ‘गृहीतक’, एवढी वाटणी केली की प्रश्न मिटतो.

हे सगळे निर्णय डोक्यात ठेवून चालत नाही. विषय नक्की झाला त्याच आठवड्यात एक तक्ता सुरू करावा: मूळ संज्ञा, निवडलेला मराठी शब्द, नाकारलेले पर्याय आणि निवडीचे कारण. शब्द ठरवण्यापूर्वी परिभाषा कोश पाहावा, विश्वकोशातील संबंधित नोंद वाचावी आणि ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर त्याच विषयाचे मराठी प्रबंध चाळावेत. तिघांचे मत जुळले तर नवा शब्द घडवण्याच्या भरीस पडू नये. मार्गदर्शकाशी या तक्त्यावर पहिल्या प्रकरणाआधीच बोलून घ्यावे. प्रबंध पूर्ण झाल्यावर शब्द बदलणे संगणकावर सोपे वाटते, पण मराठीत शब्द बदलला की लिंग बदलते, लिंग बदलले की विशेषण आणि क्रियापद बदलते. ‘मांडलेले गृहीतक’ची ‘मांडलेली परिकल्पना’ करताना प्रत्येक वाक्य हाताने वाचावे लागते.

अवतरणांची शिस्तही याच तक्त्याशी जोडलेली आहे. इंग्रजी ग्रंथातील उतारा मराठीत दिला तर ‘अनुवाद संशोधकाचा’ अशी नोंद हवी आणि युक्तिवाद ज्या वाक्यावर उभा आहे त्याचे मूळ तळटीपेत हवे. मुलाखतीतले बोल मात्र बोलणाऱ्याच्या शब्दांतच द्यावेत. “भाव लई चढलेत” याचे ‘किमतींत लक्षणीय वाढ झाली आहे’ असे केले की तो पुरावा राहत नाही, संशोधकाचे मत होते.

बहुतेक प्रबंधांत हा तक्ता परिशिष्टातही येत नाही आणि पुढचा संशोधक तेच निर्णय पुन्हा पहिल्यापासून घेतो. मराठीत प्रबंध स्वीकारणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने परिभाषा सूची प्रबंधासोबत सक्तीची करावी आणि विषयवार सूची एकत्र करून ग्रंथालयात सर्वांना खुल्या ठेवाव्यात. त्यासाठी नवे मंडळ लागत नाही, प्रबंध सादर करण्याच्या नियमावलीत एक कलम वाढवले तरी पुरते.