ब्रेड-दूध की पोहे-शेंगदाणे? खरी जोडी कोणती, ते बिलंच सांगतात

कोणता माल कोणत्या मालासोबत खपतो, हे दुकानदाराला अंदाजाने ठाऊक असतं. तो अंदाज बिलांवरून तपासण्याच्या पद्धतीला ‘मार्केट बास्केट अॅनालिसिस’ म्हणतात. त्यासाठी बिल नंबर आणि त्यावरच्या मालाची नावं एवढंच लागतं. गिऱ्हाइकाचं नाव-गाव लागत नाही.

समजा, बेळगावातल्या एका किराणा दुकानाची महिन्याची १००० बिलं आहेत. आधी नावं एकसारखी करावी लागतात. एका नोकराने ‘पोहे’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘अवलक्की’, तर कॉम्प्युटर ते दोन वेगळे जिन्नस धरतो आणि मोजणी फुटते. अर्धा किलो आणि एक किलोचं पाकीटही एकाच नावाखाली आणायचं.

आता मोजू. ब्रेड २०० बिलांत आहे आणि त्यातल्या १३० बिलांत दूधही आहे, म्हणजे ६५ टक्के. पोहे १०० बिलांत आहेत आणि त्यातल्या ६० बिलांत शेंगदाणे आहेत, म्हणजे ६० टक्के. वरवर पाहता ब्रेड-दूध ही जोडी पक्की वाटते.

पण दूध एरवीही १००० पैकी ६०० बिलांत आहे. ब्रेड घेवो न घेवो, शंभरातले साठ जण दूध नेतातच. ब्रेडमुळे साठाचे पासष्ट झाले, एवढंच. ६५ भागिले ६० म्हणजे जेमतेम १.०८. शेंगदाणे मात्र एरवी १५० बिलांतच, म्हणजे १५ टक्के. पोहे घेणाऱ्यांत ते ६० टक्के, म्हणजे चौपट! या भागाकाराला ‘लिफ्ट’ म्हणतात. तो १ च्या आसपास असेल तर जोडी नाही, निव्वळ योगायोग. १ पेक्षा बराच जास्त असेल तर दोन्ही माल शेजारी ठेवून बघावा. शेंगदाण्यात नफा कमी म्हणून ते बंद करायचा विचार असेल, तर पोह्यांचं गिऱ्हाईकही दुसऱ्या दुकानाकडे वळू शकतं, हे इथे लक्षात येतं.

मात्र लिफ्टही फसवते. केशर आणि खसखस महिन्यात दोनदाच विकली गेली आणि दोन्ही वेळा एकत्रच, तर लिफ्ट ५०० येते! दोन बिलांवरून काहीच ठरत नाही. म्हणून निदान २०-२५ बिलांत एकत्र आलेल्या जोड्याच धराव्यात. संक्रांतीला तीळ-गूळ एकत्र जाणारच; ती जोडी फेब्रुवारीतही टिकते का, ते वेगळं मोजावं. आणि दुकानदाराने स्वतःच ‘यावर ते फुकट’ अशी स्कीम लावली असेल, तर ती बिलं बाजूला काढावीत. तिथे गिऱ्हाइकाची आवड नव्हे, आपलीच स्कीम मोजली जाते.