गिरणीची चिमणी वाऱ्यात उभी कशी राहते?

लालबाग-परळच्या कापड गिरण्यांच्या विटांच्या चिमण्यांत लोखंडी सळ्यांचा आधार नसे. मग पावसाळी वाऱ्यात त्या तग कशा धरत? उत्तर त्यांच्या वजनात आहे.

हिशेबासाठी एक नमुना घेऊ. उंची 50 मीटर, बाहेरचा व्यास पायथ्याशी 5 आणि माथ्याशी 3 मीटर. वाऱ्याचा दाब सगळीकडे चौरस मीटरला 150 किलो धरू. गोल अंगावरून वारा निसटतो, म्हणून त्यातला 0.7 भागच लागू पडतो. एकूण ढकल होते 21 टन. चिमणी वर निमुळती असल्याने ही ढकल साधारण 23 मीटर उंचीवर लागते. 21 गुणिले 23, म्हणजे 483 टन-मीटर. हा पायथ्याचा वाकवणारा आघूर्ण.

पायथ्याशी आतली पोकळी 3 मीटरची असेल, तर या आघूर्णाने सर्वांत बाहेरच्या विटेवर चौरस मीटरला 45 टन ताण येतो: वाऱ्याच्या बाजूला ओढ, पलीकडे दाब. चिमणीचे वजन 760 टन धरले, तर त्याचा दाब सगळीकडे 60 टन. म्हणून पलीकडे 105 टन दाब होतो आणि वाऱ्याच्या बाजूलाही 15 टन दाब उरतो.

वाऱ्याचा दाब एक तृतीयांशाने वाढला, की हे 15 टन संपतात. त्यापुढे ओढ सुरू होते. चुन्याचा सांधा ओढ फारशी सोसत नाही. वाऱ्याच्या बाजूला, पायथ्याजवळ आडवी भेग उघडते. पाहणीत आधी तीच शोधावी.