उत्तर न देणाऱ्यांना काय लिहावं?

पदवीनंतर माणसाचं पुढे काय होतं, हे त्याला एकदाच विचारून कळत नाही. इतिहास घेऊन पदवीधर झालेली मुलगी पहिल्या वर्षी दुकानात हिशेब लिहीत असेल, चौथ्या वर्षी शाळेत शिकवत असेल आणि दहाव्या वर्षी ते शिकवणं सोडून पुन्हा विद्यापीठात गेली असेल. तिचा प्रवास समजून घ्यायचा तर दर काही वर्षांनी तिच्याकडेच जावं लागतं. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं राष्ट्रीय शैक्षणिक सांख्यिकी केंद्र हेच काम करत आलं आहे. त्यांच्या अभ्यासाचं नाव ‘बॅकलॉरिएट अँड बियाँड’. १९९२-९३ मध्ये पदवी घेतलेल्या सुमारे ११ हजार जणांना निवडून त्यांना १९९४, १९९७ आणि २००३ मध्ये प्रश्न विचारले गेले. पुढे २०००, २००८ आणि २०१६ च्या पदवीधरांचेही असेच गट निवडले गेले.

१९९२-९३ या वर्षात अमेरिकेत साडेअकरा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांना पदवी मिळाली होती. म्हणजे निवडलेला एकेक जण सरासरी शंभर जणांच्या वतीने बोलत होता. साध्या पाहणीत एकाने उत्तर दिलं नाही तर शेजारचं दार ठोठावता येतं. इथे ती सोय नाही, कारण शेजारच्याने पहिल्या फेरीत काय सांगितलं होतं, ते कुठेच नोंदलेलं नसतं. एक माणूस गप्प झाला की त्याची आजवरची गोष्ट अर्धवट राहते. म्हणूनच उत्तर न देणाऱ्याला जाणारं स्मरणपत्र या अभ्यासात फार विचार करून लिहावं लागतं.

सगळ्यांचं गप्प राहणं एकाच कारणाने होत नाही. जेम्स लेपकोव्स्की आणि मिक कूपर या संख्याशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दीर्घकालीन अभ्यासांतल्या गळतीचे तीन टप्पे वेगळे करून मांडले: माणूस सापडणं, त्याच्यापर्यंत निरोप पोचणं आणि त्याने तयार होणं. नवा पदवीधर पहिल्याच टप्प्यावर निसटतो. कॉलेजचा ईमेल बंद झालेला असतो, वसतिगृहाचा पत्ता संपलेला असतो, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं. अशा माणसाला कितीही गोड शब्दांत लिहिलं तरी ते पत्र रिकाम्या खोलीत पडून राहतं. त्यामुळे संदेश लिहायला बसण्याआधी परत आलेल्या ईमेलची आणि टपालाची यादी वेगळी काढतात. त्या यादीसाठी पत्ता शोधण्याचं काम सुरू होतं. टपाल खात्याकडची पत्ताबदलाची नोंद बघतात, आणि पहिल्या फेरीत लिहून घेतलेला आईवडिलांचा पत्ता उपयोगी पडतो. मुलं घरं बदलतात, आईवडील त्यामानाने एकाच जागी असतात. पहिल्या मुलाखतीच्या शेवटी ‘तुमचा ठावठिकाणा नेहमी माहीत असेल अशी व्यक्ती कोण?’ असं विचारतात, ते याचसाठी.

निरोप पोचला आणि तरी उत्तर नाही, अशांमध्येही फरक असतो. बहुतेकांनी नकार दिलेलाच नसतो. ‘रविवारी बघू’ म्हणून ठेवलेलं राहून गेलेलं असतं. काहींना फसवणुकीची शंका येते, आणि अनोळखी दुव्यावर टिचकी मारायला बिचकणं रास्तच आहे. आणखी काही जण असे असतात की ज्यांना उत्तर देणंच जड जातं. नोकरी नाही, कर्जाचे हप्ते थकले आहेत, आणि पत्रात विचारलंय, ‘पदवीनंतर तुमची कारकीर्द कशी चालली आहे?’ हा शेवटचा गट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि नेमकं त्याच्याकडेच लिहिणाऱ्याचं दुर्लक्ष होतं.

स्मरणपत्रं कधी आणि कशी पाठवावीत याचा पद्धतशीर आराखडा डॉन डिलमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७८ च्या आपल्या पुस्तकात दिला. पहिल्या टपालानंतर आठवड्याने एक साधं पोस्टकार्ड, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास प्रश्नावलीची नवी प्रत, आणि सातव्या आठवड्याच्या आसपास रजिस्टर केलेलं शेवटचं पत्र. ते पोस्टकार्ड उत्तर देणाऱ्यांना आणि न देणाऱ्यांना, सगळ्यांनाच जायचं. त्यात आधी आभार असत आणि मग आठवण. प्रत्येक पत्रात काहीतरी नवं असलं पाहिजे, हा त्याचा आग्रह आजही लागू आहे. ज्या मजकुराने पहिल्यांदा हालचाल झाली नाही तोच मजकूर चौथ्यांदा पाठवला, तर वाचणारा फक्त चिडतो.

दुसऱ्या फेरीत आठवडाभर उत्तर न देणाऱ्या पदवीधराला मराठीत लिहायचं झालं, तर मी असं लिहीन:

‘नमस्कार. तीन वर्षांपूर्वी, पदवी मिळाल्यावर, तुम्ही आमच्याशी फोनवर बोलला होतात. त्यानंतर तुमचं कसं चाललं आहे हे विचारायला आम्ही गेल्या सोमवारी एक प्रश्नावली पाठवली आहे. तुम्ही ती भरली असेल तर मनापासून आभार, आणि पुढचं वाचायची गरज नाही. राहून गेली असेल तर खालच्या दुव्यावर ती भरता येईल. साधारण अर्धा तास लागेल, आणि मध्येच थांबून नंतर पुढे चालू करता येईल. तुम्ही नोकरी करत असा, शोधत असा, शिकत असा किंवा घरी असा, आम्हाला तुमचंच उत्तर हवं आहे, कारण तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला घेता येत नाही. सहभाग ऐच्छिक आहे. शंका असेल तर आमच्या कार्यालयाच्या फोनवर खात्री करून घ्या. यापुढे संदेश नको असतील तर तसं कळवा, आम्ही थांबू.’

यातलं पहिलं वाक्य मुद्दाम जुन्या भेटीबद्दल आहे. ठगाला ती भेट माहीत नसते, त्यामुळे ओळख पटायला तिची मदत होते. पण पूर्वीची उत्तरं मात्र संदेशात कधीही लिहायची नाहीत. ‘तेव्हा तुम्ही बेरोजगार होता’ असं वाक्य दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडलं तर गोपनीयतेचं वचनच मोडतं. आभाराचं वाक्य ईमेलच्या काळातही ठेवावं लागतं. यादी काल रात्री काढलेली असते, आणि एखाद्याने आज सकाळी फॉर्म भरलेला असतो. वेळेचा आकडा खरा हवा. दहा मिनिटं सांगून अर्धा तास घेतला तर माणूस पुढच्या फेरीत दार उघडणार नाही, आणि इथे पुढची फेरी असतेच. ‘नोकरी शोधत असा किंवा घरी असा’ हे शब्द त्या तिसऱ्या गटासाठी आहेत. ‘यशस्वी पदवीधरांच्या वाटचालीचा अभ्यास’ असा शब्दप्रयोग आला की ज्याला स्वतःला यशस्वी म्हणवत नाही तो तिथेच पत्र मिटतो. आणि ‘तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही’ हे दटावणीचं वाक्य इथे नाही, कारण उत्तर देणं हे त्याच्यावरचं ऋण नाही.

आता हिशेब. समजा, एक हजार पदवीधर आहेत. पहिल्या संदेशाला ४०० जणांनी उत्तर दिलं, त्यांतले ३४० नोकरीत आहेत, म्हणजे ८५ टक्के. दोन स्मरणपत्रांनंतर आणखी २५० जण आले, त्यांतले २०० नोकरीत. आता एकूण ६५० पैकी ५४०, म्हणजे ८३ टक्के. शेवटी आणखी १०० जणांना मिळवायचं आहे. सहज तयार होणाऱ्यांच्याच मागे लागलो तर त्यांतले ८५ नोकरीत निघतील, आणि ७५० पैकी ६२५, म्हणजे पुन्हा ८३ टक्केच. पण ज्यांच्याकडून उत्तर मिळणं अवघड त्यांच्याकडे गेलो आणि त्यांतले ६०च नोकरीत निघाले, तर ७५० पैकी ६००, म्हणजे ८० टक्के. दोन्हीकडे प्रतिसाद ७५ टक्केच आहे, तरी उत्तरं वेगळी आहेत. न बोललेले २५० जण या शेवटच्या शंभरांसारखे असतील, तर खरा आकडा ७५ असेल. उत्तरांची संख्या वाढली म्हणजे चित्र खरं झालं, असं मानणं किती धोक्याचं आहे, हे यातून दिसतं. रॉबर्ट ग्रोव्ह्ज आणि एमिलिया पेत्चेवा यांनी २००८ मध्ये ५९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांनाही प्रतिसादाचं प्रमाण आणि निष्कर्षातली चूक यांचा संबंध अगदी सैल आढळला.

मग अवघड कोण, हे आधीच कसं ओळखायचं? दीर्घकालीन अभ्यासाजवळ इथे एक ठेवा असतो. गप्प बसलेल्याबद्दलही पहिल्या फेरीतली माहिती हाती असते: विषय, वय, कर्ज, आईवडिलांचं शिक्षण, कॉलेज कोणत्या प्रकारचं. उत्तर दिलेल्या सगळ्यांचं सरासरी चित्र काढायचं आणि प्रत्येक गप्प माणूस त्यापासून किती दूर आहे हे मोजायचं. हे अंतर मोजायची रीत आपल्याकडचीच आहे. कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी करणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती १९३६ च्या निबंधात मांडली. माणसांच्या गटांची शारीरिक मापं तुलनेला घेताना, एकमेकांशी जोडलेली अनेक मापं एकाच वेळी कशी विचारात घ्यायची, या प्रश्नातून ती निघाली. २००८ च्या पदवीधरांच्या २०१२ मधल्या फेरीत हेच ‘महालनोबिस अंतर’ वापरून कुणाचा पाठपुरावा जास्त करायचा ते ठरवलं गेलं. ज्यांचं अंतर मोठं, त्यांच्यासाठी मानधन आणि प्रयत्न वाढवायचे, बाकीच्यांना नेहमीचीच स्मरणपत्रं.

या रीतीलाही मर्यादा आहे. अंतर मोजलं जातं ते जुन्या माहितीवरून. गेल्या वर्षी नोकरी गेली हे त्या माहितीत नसतं, आणि नेमकं त्यामुळेच माणूस गप्प असू शकतो. उरलेल्या फरकासाठी उत्तर दिलेल्यांना वेगवेगळा भार देऊन आकडे सुधारतात, पण तो भारही त्याच जुन्या माहितीवर बेततात. उशिरा उत्तर देणारे शेवटपर्यंत गप्प राहणाऱ्यांसारखेच असतात, हेही गृहीतच आहे, माझ्या वरच्या हिशेबातलंही.

म्हणून मुदत संपत आली की स्मरणपत्राचा सूरच बदलतो. अर्ध्या तासाची प्रश्नावली बाजूला ठेवून लहान प्रश्नावली पुढे केली जाते: सध्या काम करता का, पुढे शिकलात का, कर्ज किती उरलं. सविस्तर उत्तरं गमावली तरी हे मोजके मुद्दे हाती आले तर त्या माणसाची साखळी तुटत नाही. पत्रात तारीख स्पष्ट लिहितात आणि ती पाळतात, कारण ‘शेवटची संधी’ दोनदा आली की तिसऱ्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही. तरीही काही जण बोलत नाहीत. ज्यांनी ‘नको’ असं स्पष्ट सांगितलेलं नसतं, त्यांची नावं पुढच्या फेरीच्या यादीत राहतात, आणि काही वर्षांनी त्यांना जे पहिलं पत्र जातं त्यात मागच्या मौनाचा उल्लेखसुद्धा नसतो.